डहाळ्यांचे साडेतीन हजार

जानेफळच्या शिवमला दुखणं एकच होतं. त्याला भाव सांगता येत नसे.

बाकी गडी कामाला पक्का. चार बांबू, दोन ताग्यांचं कापड आणि पोतंभर कागदी फुलं हाताशी दिली, तर पठ्ठ्या गुरांच्या गोठ्यातही नवरा-नवरी बसवून दाखवेल. बसस्टँडच्या रस्त्याला त्याचं दुकान होतं, ‘स्वस्तिक डेकोरेशन’. लग्नाचं स्टेज, दाराची कमान, हळदीचा कोपरा, बारशाचा पाळणा, डोहाळेजेवणाचा झोपाळा, जे म्हणाल ते तो सजवून द्यायचा. पण गिऱ्हाइकानं पान तोंडात टाकून “मंग किती घेशीन?” असं विचारलं, की शिवमची नजर चपलांकडे जायची. डोकं खाजवायचं, एकदा हसायचं आणि म्हणायचं, “आता तुमी काय परके हा का? द्या समजून.”

लोक समजून द्यायचे. म्हणजे स्वतःच्या समजुतीनं द्यायचे. आणि देण्याच्या बाबतीत माणसाची समजूत किती आखडती असते, हे काय तुम्हाला वेगळं सांगायला हवं? कुणी स्टेजचे दहा हजार द्यायचा, कुणी नऊ हजार एक देऊन वरचा रुपया मोठ्या प्रेमानं शुभ म्हणून हातावर ठेवायचा. स्टेज उभं राहिलं की घरातली एखादी आत्या कंबरेवर हात ठेवून म्हणायची, “दारात कमान नाही लावली काऊन? आमाले वाटलं त्यातच धरली असन.” की शिवम निघाला शिडी घेऊन. शिडीवर चढायला तो कधी लाजला नाही. लाज सगळी तोंडात होती.

गेल्या लग्नसराईत एक दिवस मोकळा गेला नाही. मोठ्या तिथीला तर दोन-दोन मांडव. आणि शेवटचा मांडव उतरवून हिशेब केला, तर मजुरांची मजुरी आणि टेम्पोचं डिझेल भागून हाती आली ती पाठदुखी. चातुर्मासात दुकानाचं भाडं काजलनं शिलाईच्या पैशांतून भरलं.

काजल ही शिवमची बायको. माहेर मेहकरचं, बी.कॉम. झालेली, आणि तोंडानं नवऱ्याच्या बरोबर उलट.

दिवाळीच्या तोंडावर शिवमचा मामेभाऊ ऋत्विक याचा रांजणगावहून फोन आला. तो तिथं एका कंपनीत होता. कंपनीत माणसं घ्यायची होती, राहायला त्याचीच खोली होती. “तुळशीच्या लग्नापर्यंत सांग बे,” ऋत्विक म्हणाला. “मंग जागा नाही राह्यत.”

शिवमनं फोन ठेवला आणि घरात सांगितलं. आई पुष्पाबाई आंब्याच्या पानांचं तोरण ओवत होती, तिची सुई थांबली. काजलनं हातातली शिवण खाली ठेवली. लग्नाला तीन वर्षं झालेली. नवरा दिवाळी-आखाजीला पाहुण्यासारखा यायचा आणि बाकीचे दिवस फोनवर “जेवली का?” विचारायचा, असा संसार तिनं शेजारच्या दोन घरांत पाहिला होता. तो तिला नको होता. शिवमलाही नको होता. पण फुकटच्या मांडवांवर घर चालत नाही, हेही दोघांना कळत होतं.

“जा,” काजल म्हणाली. “मी नाही म्हनत नाही. पन आधी एक लग्न मले भाव ठरवून करू द्या. एकच. जमलं तर ऋत्विकभाऊले नाही सांगा. नाही जमलं तर मी सोता तुमची बॅग भरतो.”

आणि ते एक लग्न चालून आलं. गावातले नारायणराव, मोठे जमीनदार, यांच्या नातीचं, अपेक्षाचं लग्न मार्गशीर्षात ठरलं. कार्यालयात नाही, घरच्याच आवारात. नारायणरावांचा निरोप आला, शिवमला म्हणावं काय घेशील ते ठरवून ये.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून काजलनं नवऱ्याला समोर बसवलं.

“स्टेजपासून सुरू करू. एका मोठ्या स्टेजले आपल्याले काय काय लागते?”

“कापड लागते. फुलं लागतात.”

“कापड कितीचं?”

“थे हाय ना आपल्यापाशी.”

“आभायातून पडलं का थे?”

शिवम हसला. काजल हसली नाही. तिनं त्याला एकेक गोष्ट बोलायला लावली. पडदे, झालर, कागदी फुलांचे गुच्छ, सगळा संच चाळीस हजारांना पडला होता. किती लग्नं टिकतो? वीसेक, मग रंग उडतो. म्हणजे दर लग्नाला दोन हजारांचं कापड झिजतं, गिऱ्हाईक देवो न देवो. धुलाई-इस्त्रीचे सातशे. फोम, तार, टाचण्या, चिकटपट्टी मिळून नऊशे. दिव्यांची झीज आणि फुटतूट आठशे. नवरा-नवरीचा सोफा भाड्यानं आणायचा, त्याचे दोन हजार. चार मजूर, एक दिवस उभारायला आणि अर्धा दिवस उतरवायला, सहाशे रुपये रोजानं, तीन हजार सहाशे.

काजलनं बेरीज केली आणि मोबाइल त्याच्यासमोर धरला. बरोबर दहा हजार.

“आन आपन घेतो किती?”

शिवम बघत राहिला. “दहा.”

“आन तुमी शिडीवर दोन दिवस चढता त्याचं? मी गुच्छ बांधतो त्याचं? आपन दोघं कोनाच्या घरी फुकट कामाले हाव?”

इतकी वर्षं आपण गावाला स्वस्तात स्टेज देतो, असं शिवमला वाटत होतं, आणि त्याचा मनातून थोडा अभिमानही होता. आज कळलं, की आपण स्वतःला त्याच्यात मोफत घालून देतो. त्याला वाईट वाटलं. आपल्यापेक्षा काजलच्या हातांचं जास्त वाटलं, तारा वळून वळून तिच्या बोटांना घट्टे पडले होते.

दोघांची दोन-दोन दिवसांची मजुरी धरली, बत्तीसशे. त्यावर रिकाम्या महिन्यांचं दुकानभाडं, नवीन सामानाची तरतूद आणि थोडा नफा. मोठ्या स्टेजचा भाव निघाला अठरा हजार. आकडा ऐकून शिवमनं इकडंतिकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

मग दरपत्रक तयार झालं. स्टेज तीन मापांत, लहान, मधलं, मोठं, मापं फुटांत लिहिलेली, म्हणजे मोठं स्टेज सांगून लहानाचे पैसे कुणी पुढं करायला नको. कमान वेगळी, हळदीचा कोपरा वेगळा, पाळणा वेगळा, ज्याला जे हवं त्यानं ते निवडावं. ताज्या फुलांना ठरलेला भाव काजलनं लिहिलाच नाही. झेंडू दसऱ्याला एक भाव आणि चार दिवसांनी दुसरा. तिथं लिहिलं, ‘त्या आठवड्याच्या बाजाराप्रमाणे’.

दरपत्रक सगळ्यांसाठी एकच. पण प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कोटेशनचा कागद वेगळा भरायचा, म्हणून त्याचा एक कोरा नमुना तिनं मोबाइलवर बनवला. वर नाव, गाव, कार्याची तारीख. मग काम, माप, नग, दर, रक्कम. खाली टेम्पो आणि चढ-उतार. त्याखाली अटी. हे दर पंधरा दिवसांपुरते. निम्मी रक्कम आगाऊ आल्यावरच तारीख पक्की. बाकी हळदीच्या दिवशी, स्टेज उभं राहिल्यावर. कागदावर नसलेलं काम वेगळ्या दरानं.

“हे शेवटचं जाड अक्षरात घे,” शिवम म्हणाला. त्याला सगळ्या आत्या आठवल्या असाव्यात.

“माळा ओवायची मजुरी दोन हजार,” काजलनं मोठ्यानं वाचलं. “थे आईचे.”

पुष्पाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. “माये कायचे पैसे, बाई? मी तं बसल्या-बसल्या ओवतो.”

“बसल्या-बसल्या तं तहसीलदारही काम करते, आई. त्याले कोनी फुकट नाही म्हनत.”

पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसल्या की काय, ते दिसलं नाही.

मग नारायणरावांच्या घरचा कागद भरायला घेतला. मोठं स्टेज अठरा हजार. कमान साडेसहा. हळदीचा कोपरा साडेचार. मांडवाचं छत आणि झालर सात. झेंडूच्या माळा, फुलं आणि ओवणावळ धरून, सहा. केळीचे खांब एक हजार. टेम्पो दीड.

“आन मांडवडहाळे?” काजलनं विचारलं.

इथं शिवम थांबला. आपल्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी आंबा, जांभूळ, उंबराचे डहाळे भावकीनं आणि गावानं आणायचे, वाजतगाजत, बैलगाडीतून नाहीतर ट्रॅक्टरमधून. ते मांडवावर चढल्याशिवाय मांडवाला मांडव म्हणत नाहीत. पण गेल्या वर्षी संग्रामपूरकडच्या एका लग्नात भावकी सगळी शहरात, डहाळे आणायला कुणीच आलं नाही, आणि शिवमला स्वतःच्या डिझेलनं रानोमाळ हिंडून ते आणावे लागले होते. ती दुपार त्याच्या अंगात अजून होती. नवीन नवीन शहाणपण आलेल्या माणसाला कुठं थांबावं ते कळत नाही.

“लिही,” तो म्हणाला. “साडेतीन हजार.”

एकूण अठ्ठेचाळीस हजार झाले.

*

नारायणरावांकडं जायच्या दिवशी काजलला मेहकरला एका बारशाचा पाळणा सजवायला जायचं होतं. निघताना तिनं छापून आणलेला कागद शिवमच्या हातात दिला आणि दम भरला. “कागद द्यायचा आन चूप बसायचं. भाव कागद सांगीन. तुमाले बोलाचं कामच नाही. फक्त ‘द्या समजून’ म्हनू नका.”

शिवमला हे फार आवडलं. न बोलता भाव सांगायची सोय झाली, यापेक्षा त्याला आयुष्यात काय हवं होतं!

नारायणराव ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. बाजूला त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई डाळ निवडत होत्या. शिवमनं वाकून नमस्कार केला, कागद दिला आणि तो पायरीवर बसला. म्हाताऱ्यानं चष्मा चढवला. स्टेज वाचलं, मान हलवली. कमान वाचली. छत वाचलं. बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं आणि शिवमचा जीव त्या बोटाबरोबर खाली सरकत होता.

बोट थांबलं.

“हे काय रे? मांडवडहाळे, साडेतीन हजार?”

शिवम गप्प. काजलनं गप्प बसायला सांगितलं होतं.

“माया नातीच्या मांडवाचे डहाळे तू इकत घेऊन येशीन? माये चार भाऊ मेले का? गाव उठून गेलं का?” नारायणरावांचा आवाज चढला. “पन्नास वर्षं झाले, या घरच्या मांडवावर भावकीशिवाय कोनाचं पान चढलं नाही. आन तू त्याचे पैसे लावून राह्यला? जांभळाच्या पानाचे?”

सत्यभामाबाईंचं सूप थांबलं. “अशीन चुकून लिवलं,” त्या म्हणाल्या.

“चुकून कायचं, छापलं हाय!” म्हाताऱ्यानं कागद शिवमच्या मांडीवर टाकला. “ने हा कागद. मेहकरचा डेकोरेशनवाला उद्याच येतो म्हनला.”

शिवमनं कागद उचलला. त्याला कळलं, की म्हाताऱ्याचा राग पैशाचा नाही. साडेतीन हजार नारायणरावांना काय जड होते? आपण त्यांना बिनभावकीचा माणूस ठरवलं होतं. त्याला खरीच लाज वाटली. आणि लाज वाटली की त्याच्या तोंडात जे यायचं तेच आलं. सगळा कागद फाडावा, हात जोडावे आणि म्हणावं, आबा, चुकलो, राहू द्या सगळं, द्या समजून. शब्द अगदी दाताच्या आड येऊन उभे राहिले. म्हणून टाकलं असतं तर म्हातारा हसला असता, पाठीवर थाप मारली असती, चहा आला असता. आणि तुळशीचं लग्न झालं की काजलनं बॅग भरायला घेतली असती.

त्यानं ते शब्द गिळले. कसे गिळले ते त्यालाच माहीत. खिशातला पेन काढला आणि कागद मांडीवर पसरला.

“आबा, हे चुकलं माया हातून. डहाळे तुमचे.” त्यानं ती ओळ सरळ खोडली. “याचे पैसे लावाचा मले अधिकार नाही. बाकीचं मी सांगतो, तुमी आयका.”

नारायणराव तिकडं तोंड करून बसले. पण उठले नाहीत.

शिवमनं कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर मधोमध एक उभी रेघ ओढली. एका बाजूला लिहिलं ‘आमच्याकडून’, दुसऱ्या बाजूला लिहिलं ‘घरधन्याकडून’. आणि दुसऱ्या बाजूला पहिलीच ओळ घातली, मांडवडहाळे, भावकी व गाव.

“हे तुमच्या बाजूचं. आता तुमच्या घरचं अजून काय काय येनार, थे सांगा. जे घरचं, त्याचे पैसे मी लावत नाही.”

म्हातारा थोडा वळला. “केळीचे खांब कायले इकत घेतो? खालच्या वावरात केळी उभ्या हाय माया.”

शिवमनं ते लिहिलं आणि पलीकडचे एक हजार खोडले.

“आन झेंडू,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “महादेवभाऊजीच्या मळ्यात झेंडू हाय. नातीच्या लग्नाले द्याले थे नाही म्हनतीन का?”

“मंग फुलायचे चार हजार गेले,” शिवम म्हणाला. “पन ओवनावळीचे दोन हजार राह्यतीन. थे माया मायचे.”

“राह्यले राह्यले,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “पुष्पाबाईचे बोटं काय फुकट हाय का?”

आता नारायणरावांना चेव आला. पाण्याची टाकी आपली, विजेची जोडणी आपली, खड्डे खणायला चार पोरं आपली. एकेक गोष्ट ते मोठ्यानं सांगू लागले आणि प्रत्येक वेळी ‘लिव’ म्हणू लागले. घरधन्याची बाजू भरत गेली. आपल्या घरात किती आहे हे कागदावर उतरताना पाहून म्हाताऱ्याची पाठ ताठ झाली. मघाचा राग कुठं गेला ते त्यांचं त्यांनाच कळलं नसावं.

“एकच हाय,” शिवम म्हणाला. “घरचं सामान आदल्या दिवशी दुपारपर्यंत आलं पाह्यजे. नाही आलं तं मले बाजारातून आनाव लागीन आन त्याचा भाव लागीन. तसं लिवून ठेवतो.”

“लिव. या घरचं नाही आलं असं होत नाही.”

शिवमनं बेरीज केली. अठ्ठेचाळीसातून डहाळे गेले, केळी गेल्या, फुलं गेली. राहिले साडेएकोणचाळीस हजार. आणि आता ते सांगायची वेळ आली. कागद उलटा होता, छापलेलं काही नव्हतं. आकडा तोंडानंच सांगायचा होता.

“साडेएकोनचाळीस होतात, आबा.”

म्हणाला खरा. आवाज थोडा फाटला, पण नजर चपलांकडे गेली नाही.

नारायणरावांनी मिशीवर बोट फिरवलं. “छत्तीस कर. घरचा मानूस हा तू.”

“घरचं जे हाय थे या बाजूले लिवलं, आबा,” शिवम म्हणाला. “ही बाजू मायी हाय. यातून कमी कराचं असन तं हळदीचा कोपरा काढून टाकू, पस्तीस होतीन. पन हेच काम कमी भावात केलं, तं पुढच्या लग्नाले मी गावात राह्यनार नाही.”

शेवटचं वाक्य त्याच्या मनात नव्हतं, ते आपोआप आलं. सत्यभामाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं.

“हळदीचा कोपरा राहू दे,” त्या म्हणाल्या. “अपेक्षाले फोटो काढाचे हाय तिथं.”

नारायणराव आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात वीस हजारांची रक्कम होती आणि तिच्यावर रुपयाचं एक नाणं. “शकुनाचा हाय,” ते म्हणाले. “यातच धरजो.”

शिवमनं धरला. कागदावर नारायणरावांची सही घेतली, त्याची नक्कल त्यांना उतरवून दिली आणि पावती लिहून दिली, वीस हजार एक.

*

संध्याकाळी काजल मेहकरच्या बसमधून उतरली, तर शिवम स्टँडवरच उभा. त्यानं नुसता कागद पुढं केला. काजलनं खोडलेली ओळ पाहिली आणि तिचं तोंड उतरलं. मग तिनं कागद उलटा केला. उभी रेघ पाहिली, घरधन्याची बाजू वाचली, खाली नारायणरावांची सही पाहिली. स्टँडवर माणसं होती म्हणून, नाहीतर ती त्याच्या गळ्यात पडली असती.

“तुमी बोल्ले?” तिनं विचारलं.

“बोल्लो.”

“आकडा? तोंडानं?”

“हाव.”

घरी आल्यावर तिनं नमुना पुन्हा उघडला आणि त्यात तो दुसरा रकाना कायमचा घातला. घरधन्याकडून येणाऱ्या वस्तू, त्या कधीपर्यंत यायच्या, न आल्यास काय भाव. दरपत्रकातून मांडवडहाळ्यांची ओळ काढून टाकली. शिवमनं तेवढ्यात ऋत्विकला फोन लावला. या माणसानं आजवर कुणाला सरळ नाही म्हटलं नव्हतं. “नाही रे,” तो म्हणाला, “मी येत नाही. इथं काम हाय.” आणि फोन ठेवून, खूप दूरचा प्रवास करून आल्यासारखा खाटेवर बसला. पुष्पाबाईंनी काही न विचारता त्याच्यापुढं पाणी ठेवलं.

नारायणरावांनी कागदाची ती नक्कल घडी करून खिशातच ठेवली होती. भावकीची बैठक बसली, तेव्हा त्यांनी घरधन्याची बाजू सगळ्यांसमोर वाचून दाखवली. कुणी आंबा आणायचा, कुणी जांभूळ, सगळं नावानिशी वाटून दिलं. उंबर महादेवरावांकडं, त्यांच्या बांधावर मोठं झाड होतं. बैठकीतून उठता-उठता दोघांनी शिवमला फोन करून विचारलं, आमच्याही घरी तसला दोन बाजूंचा कागद देशील का?

*

हळदीच्या दिवशी नारायणरावांचं आवार फुलून गेलं होतं. स्टेज उभं होतं, कमान उभी होती, महादेवरावांच्या झेंडूच्या माळा पुष्पाबाईंनी ओवून छताला सोडल्या होत्या. दुपारी वाजंत्री लावून डहाळ्यांच्या गाड्या आल्या. आंबा आला, जांभूळ आलं. प्रत्येकाला कुंकू, टोपी, उपरणं. उंबर मात्र आला नाही.

महादेवरावांचा फोन आला. ट्रॅक्टरची ट्रॉली मळ्याच्या चिखलात रुतली होती. दुसरा ट्रॅक्टर येऊन ती ओढून काढेपर्यंत रात्र होणार होती. आणि उंबराशिवाय मांडव झाकायचा कसा? नारायणराव आवारात येरझाऱ्या घालू लागले. या घरचं नाही आलं असं होत नाही, असं बोलून बसले होते ना.

काजलनं शिवमकडं पाहिलं. कागदात सगळं लिहिलेलं होतं. घरधन्याचं सामान वेळेवर न आल्यास बाजारभावानं आणून देऊ. हक्काचे पैसे होते.

शिवमनं कोयता उचलला. टेम्पो काढला आणि गेला. त्याच्या बापाच्या वेळचं दीड एकर वावर होतं, त्याच्या बांधावर उंबर होता. तासाभरात टेम्पो परत आला, तेव्हा हिरवे डहाळे दोन्ही बाजूंनी रस्त्यावर लोंबत होते आणि शिवमच्या डोक्यात-कॉलरीत पानं अडकली होती. वाजंत्रीवाल्यांना कुणी सांगितलं नाही, तरी त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

डहाळे मांडवावर चढले. नारायणराव शिवमपाशी आले. लोकांच्या घोळक्यातच त्यांनी विचारलं, “कागदावर लिवलं होतं आपन. नाही आलं तं भाव लागीन. सांग, याचे किती?”

सगळे शिवमकडं बघू लागले. काजल स्टेजच्या कडेला फुलाचा गुच्छ हातात धरून उभी राहिली. हीच ती वेळ होती, जेव्हा हा माणूस डोकं खाजवायचा.

शिवमनं डोकं खाजवलं नाही. “याचे काही नाही, आबा,” तो म्हणाला. “डहाळे मी गावचा म्हनून आनले.”

नारायणरावांचे डोळे भरून आले. त्यांनी ताटातलं कुंकू घेऊन शिवमच्या कपाळाला लावलं आणि डोक्यावर टोपी ठेवली. डहाळे आणणाऱ्यांच्या रांगेत ते त्याला हाताला धरून घेऊन निघाले.

शिवम दोन पावलं गेला आणि थांबला.

“आन आबा,” तो सगळ्यांसमोर, टोपी सरळ करत, अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, “स्टेज उभं झालं. बाकी आज ठरली होती. एकोनीस हजार चारशे नव्व्यान्नव.”

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग नारायणराव एवढ्या मोठ्यानं हसले, की हळद वाटणाऱ्या बायका वळून बघू लागल्या. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. पैसे मोजून तयारच ठेवले होते.

काजलनं गुच्छ स्टेजला बांधायला घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळं तारेची गाठ तिला दोनदा सोडून पुन्हा मारावी लागली.